सरकवलेला ठिपका

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची माणसं दारात येतात तेव्हा ती काही साधे प्रश्न विचारत नाहीत. मुलांची वजनं आणि घरातलं शौचालय यांच्या जोडीला गर्भनिरोधनाचे, गर्भपाताचे आणि काही घरांत, आजूबाजूला कुणी नसताना, नवऱ्याच्या मारहाणीचेही प्रश्न असतात. पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशभरातल्या सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांनी अशी उत्तरं दिली. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हे काम सांभाळलं. पुढे ही माहिती अभ्यासकांना नकाशावरच्या ठिपक्यांसह मिळते, मात्र प्रत्येक ठिपका मुद्दाम जागेवरून सरकवलेला असतो. या सरकवण्याबद्दल अभ्यासकांमध्येही बरेच चुकीचे समज आहेत.

गैरसमज: नाव आणि पत्ता काढून टाकला की पुरे, ठिपक्यावरून कोण ओळखणार?

अमेरिकेत ब्राउनस्टाइन, कासा आणि मँडल या तिघांनी हे तपासून पाहिलं आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापला. त्यांनी बॉस्टनमधले ५५० पत्ते घेऊन नकाशावर नुसते ठिपके काढले. ना नावं होती, ना रस्ते. मग छापण्याजोग्या दर्जाचं ते चित्र संगणकावर खऱ्या नकाशाशी जुळवून ठिपक्यांवरून पत्ते उलटे शोधले. ५५० पैकी ४३२ पत्ते नेमके सापडले. चित्र कमी दर्जाचं घेतल्यावरही १४४ सापडलेच.

आपल्याकडे खेड्यात तर याहून सोपं आहे. तीस उंबऱ्यांच्या पाड्यावर ठिपका पडला आणि सोबत 'वय ३४, तीन मुली, दोन खोल्या, एक म्हैस' एवढंच असलं, तरी त्या बाईला तिचा दीर ओळखेल. तिने मारहाणीबद्दल काय सांगितलं हे त्याच ओळीत पुढे लिहिलेलं असतं.

गैरसमज: ठिपका सरकवणं म्हणजे आकडे फिरवणं, आणि तो वाटेल तिकडे टाकतात.

उत्तरांना कुणी हात लावत नाही. सरकतं ते फक्त स्थान, आणि तेही एका घराचं नसतंच. पाहणीसाठी आधी गावं किंवा शहरातले भाग निवडतात, त्यांना क्लस्टर म्हणतात. प्रत्येकातली साधारण २२ घरं पाहणीत येतात, आणि त्या सगळ्यांसाठी क्लस्टरच्या मध्यावरचा एकच अक्षांश-रेखांश वापरतात. घर लपवण्याची पहिली पायरी इथेच होते. दुसरी पायरी हा बिंदू सरकवण्याची, आणि तिचे नियम ठरलेले आहेत. शहरी बिंदू जास्तीत जास्त २ किलोमीटर सरकतो, ग्रामीण ५ किलोमीटर. ग्रामीण बिंदूंपैकी शंभरात एकाला १० किलोमीटरपर्यंत मुभा असते. हा शंभरातला एक मला फार विचारपूर्वक ठेवलेला वाटतो. त्याच्यामुळे ५ किलोमीटरचं वर्तुळ काढून 'गाव याच्या आतच आहे' असं खात्रीने कुणालाच म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष करून पाहू. समजा, गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेपासून २ किलोमीटर पूर्वेला एक गाव आहे. संगणक ० ते ३६० मधला एक कोन आणि ० ते ५ मधलं एक अंतर यदृच्छेने काढतो. आला कोन २४० अंश, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, आणि अंतर ३.४ किलोमीटर. म्हणजे बिंदू पश्चिमेला २.९ आणि दक्षिणेला १.७ किलोमीटर जाणार. पण नदी तिथे जिल्ह्याची हद्द आहे, आणि ती ओलांडून बिंदू चंद्रपूरमध्ये पडला. हे चालत नाही. ती सोडत रद्द होते आणि नवी निघते: ७५ अंश, १.८ किलोमीटर. आता बिंदू पूर्वेला १.७४ आणि उत्तरेला ०.४७ किलोमीटर जातो आणि जिल्ह्यातच राहतो. रेखांशात सुमारे ०.०१६६ आणि अक्षांशात ०.००४२ अंशांची भर घालतात, आणि फाइलमध्ये ही बेरीजच जाते.

म्हणून उपग्रहचित्रावर असा ठिपका शेतात, जंगलात, कधी तलावाच्या पाण्यात दिसला, तर पाहणी करणाऱ्याने घरबसल्या अर्ज भरला असा आरोप करू नये. ठिपका तिथे असण्याचा अर्थ एवढाच की गाव जवळपास आहे.

गैरसमज: एवढं सरकवल्यावर नकाशा निरुपयोगी होतो.

हा समज अर्धा खरा आहे, आणि तो कुठल्या अर्ध्यात खरा आहे हे कळलं नाही तर चुकीचे निष्कर्ष छापले जातात.

हद्द न ओलांडण्याच्या नियमामुळे प्रत्येक बिंदू आपल्याच जिल्ह्यात मोजला जातो. त्यामुळे जिल्ह्यातल्या कुपोषणाचं किंवा लसीकरणाचं प्रमाण सरकवण्याआधी जितकं होतं तितकंच नंतर राहतं, दशांशानेही बदलत नाही. सपाट मुलखातलं पाऊसमान किंवा तापमान चार-पाच किलोमीटरमध्ये फारसं बदलत नाही, म्हणून तेही ठिपक्याशी जोडता येतं.

गोची होते ती अंतर मोजताना. आपल्या त्या गावापासून प्राथमिक आरोग्य केंद्र खरोखर २ किलोमीटरवर असेल, तर १.८ किलोमीटर सरकलेला बिंदू कोणत्या दिशेला गेला यावर मोजलेलं अंतर ०.२ ते ३.८ यांमध्ये काहीही येईल. कदाचित सगळ्यात जवळचं केंद्रच दुसरं ठरेल. अशी हजारो गावं एकत्र केली की चुका एकमेकींना खोडून काढतील असं वाटतं, पण तसं होत नाही. जवळची गावं लांबच्यांत आणि लांबची जवळच्यांत मिसळतात आणि अंतराचा परिणाम खऱ्याहून फिका दिसतो. मग 'दवाखाना लांब असल्याने बाळंतपणावर काही फरक पडत नाही' असा निष्कर्ष निघतो. तो गावांबद्दल काहीच सांगत नाही, कारण तो सरकवण्यातून आलेला असतो.

यावर वापरात असलेला उपाय साधा आहे. ठिपक्यावरची नेमकी किंमत घ्यायची नाही. ग्रामीण ठिपक्याभोवती ५ किलोमीटरचं आणि शहरी ठिपक्याभोवती २ किलोमीटरचं वर्तुळ काढून आतली सरासरी घ्यायची, आणि 'सर्वांत जवळचं केंद्र किती लांब' याऐवजी 'वर्तुळात केंद्रं किती' असं विचारायचं. गल्लीतल्या नळाचा किंवा पाड्याच्या विहिरीचा प्रश्न मात्र या फाइलला विचारूच नये.

गैरसमज: पुन्हा पुन्हा सरकवलं तर जास्त सुरक्षित.

उलट आहे. प्रत्येक अभ्यासकाला वेगळा सरकवलेला बिंदू दिला आणि पंचवीस जणांनी आपापले बिंदू एकत्र आणून सरासरी काढली, तर खरी जागा वर येऊ लागते. ५ किलोमीटरच्या नियमात एका बिंदूची चूक, वर्गमध्यमूळाने मोजली, तर सुमारे २.९ किलोमीटर भरते. पंचवीस बिंदूंच्या सरासरीत ती पाचपट घटून ६०० मीटरच्या आत येते. म्हणून एका फेरीतला बिंदू एकदाच सरकवतात आणि सगळ्यांना तीच फाइल देतात.

या पद्धतीतला एक दुबळेपणाही इथेच सांगायला हवा. अंतराची सोडत ० ते ५ मध्ये सारख्या शक्यतेने निघते, त्यामुळे निम्मे बिंदू २.५ किलोमीटरच्या आतच राहतात, आणि तेवढं वर्तुळ तर पूर्ण वर्तुळाच्या पाव क्षेत्रफळाचंच असतं. दहातला एक बिंदू अर्ध्या किलोमीटरहूनही कमी हलतो. काही संशोधक म्हणूनच आतलं एक छोटं वर्तुळ वगळून बिंदू कड्याच्या आकारात टाकतात, म्हणजे किमान अंतर तरी हमखास राहतं. क्लस्टरच्या मध्यबिंदूला त्याची निकड कमी असते, कारण तो एका घरावर नसतोच. पण एखादी छोटी संस्था प्रत्येक घराचा जीपीएस बिंदू घेऊन आपला नकाशा छापणार असेल, तर हे आतलं वर्तुळ तिने सोडू नये. आणि ते किती मोठं असावं, हे किलोमीटरपेक्षा त्याच्या आत किती घरं येतात यावरून ठरवावं. कारण धारावीतल्या २०० मीटरमध्ये माणूस गर्दीत हरवतो, पण भामरागडच्या जंगलातल्या एखाद्या पाड्याजवळ तेवढ्याच अंतरात त्याच्या घराशिवाय दुसरं घर नसतं.