ड्यूराच्या वर आणि ड्यूराच्या खाली

१६ मार्च २००९ रोजी कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात माँ त्राँब्लाँ इथे स्कीइंगचा धडा घेताना ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन पडल्या. उतार नवशिक्यांचा होता. त्या उठल्या, नीट बोलल्या, काही झालं नाही म्हणाल्या. बोलावलेली रुग्णवाहिका तशीच परत गेली. थोड्या वेळाने डोकं दुखू लागलं, आणि दुखणं वाढत गेलं. त्यांना इस्पितळात नेईपर्यंत काही तास उलटले होते. दोन दिवसांनी, १८ मार्चला, न्यूयॉर्कमध्ये त्यांचा मृत्यू झाला. वय ४५. शवविच्छेदनात कारण निघालं ते एपिड्यूरल हिमॅटोमा, म्हणजे कवटीचं हाड आणि ड्यूरा यांच्यामध्ये साठलेलं रक्त.

बातमी वाचून अनेकांना एकच प्रश्न पडला होता: मेंदूशी रक्तस्राव होत असताना माणूस उठून बोलतो कसा? उत्तर रक्तात नाही, रक्त कोणत्या थरात साठलं त्यात आहे.

कवटीच्या आत मेंदूवर तीन आवरणं असतात. सगळ्यात बाहेरचं ड्यूरा. ते चामड्यासारखं चिवट असतं. त्याच्या आतल्या अंगाला अ‍ॅरॅक्नॉइड हा नाजूक पापुद्रा, आणि मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरून त्याला चिकटलेला सगळ्यात आतला थर म्हणजे पाया. अ‍ॅरॅक्नॉइड आणि पाया यांच्यामध्ये मेंदूजल खेळतं, तेवढीच काय ती खरी मोकळी जागा. ड्यूराच्या वर किंवा खाली मोकळी जागा नसतेच. तिथे साठायचं तर रक्ताला आधी थर उसवून जागा करून घ्यावी लागते. ही उसवण वर एका प्रकारची असते आणि खाली अगदी वेगळी.

वरची बाजू आधी पाहू. ड्यूरा हाडाच्या आतल्या पृष्ठभागाला घट्ट चिकटलेला असतो, आणि जिथे कवटीची दोन हाडं एकमेकांना सांधलेली असतात तिथे तर तो सांध्यातच शिरलेला असतो. गोधडीला टाके घातल्यावर दोन टाक्यांमधला भाग फुगू शकतो, टाक्यापाशी मात्र कापड वर येत नाही. ड्यूराचं नेमकं तसंच आहे. त्यामुळे इथे साठलेलं रक्त पसरत नाही, एका जागी आत फुगतं. सीटी स्कॅनवर ते दोन्ही बाजूंनी फुगीर भिंगासारखं दिसतं, आणि भिंगाची टोकं बहुधा हाडांच्या सांध्यापाशी थांबलेली असतात. फ्रॅक्चर सांध्यातूनच गेलं असेल तर हा नियम मोडतो.

पण चिकटलेला ड्यूरा सोलून काढायला जोर लागतो. तो जोर बहुतेक वेळा धमनीचा असतो. कानशिलाचं हाड कवटीत सर्वांत पातळ. त्याच्या आतल्या अंगाला एक खोबण असते आणि त्या खोबणीतून मिडल मेनिंजियल ही धमनी जाते. कानशिलावर मार बसून हाडाला चीर गेली की चिरेखालची धमनी फाटते, आणि धमनीच्या दाबाने रक्त ड्यूराला हाडापासून ढकलू लागतं.

आता मधल्या त्या शहाण्यासारख्या बोलण्याचं. डोक्याला बसलेल्या हादऱ्याने माणूस क्षणभर बेशुद्ध होतो किंवा नुसताच गांगरतो, मग सावरतो. त्याच्या मेंदूला फारशी इजा झालेलीच नसते. दरम्यान ड्यूरा थोडा थोडा सुटत असतो. कवटी बंद पेटी असल्यामुळे रक्ताला जागा द्यायची तर दुसरं काहीतरी बाहेर जायला हवं. सुरुवातीला मेंदूजल पाठीच्या कण्याकडे सरकतं आणि शिरांमधलं रक्त बाहेर पडतं, म्हणून दाब जवळपास वाढत नाही. ही सोय संपली की पुढच्या काही मिलिलिटरनेही दाब झपाट्याने चढतो. डॉक्टर या काळाला ल्युसिड इंटरव्हल म्हणतात. तो काही मिनिटांचा असू शकतो किंवा काही तासांचा. प्रत्येक रुग्णात तो दिसतोच असंही नाही. निम्म्याहून कमी जणांमध्येच तो स्पष्ट सापडतो.

मग चिन्हं क्रमाने येतात. डोकेदुखी वाढत जाते, कारण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, ताणल्या जाणाऱ्या ड्यूराला मात्र कळते. उलट्या होतात, चिडचिड होते, झापड येते. पुढे मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाची आतली कड खाली सरकून डोळ्याच्या बाहुलीकडे जाणारी नस दाबते आणि गुठळीच्या बाजूची बाहुली मोठी होते. शरीराच्या विरुद्ध बाजूचा हातपाय लुळा पडू लागतो. नाडी मंदावते आणि रक्तदाब चढतो. इथवर आल्यावर वेळ मिनिटांत मोजायची असते. गुठळी ३० मिलिलिटरहून मोठी असेल तर रुग्ण शुद्धीत असला तरी शस्त्रक्रिया करावी, असं न्यूरोसर्जन मानतात. ३० मिलिलिटर म्हणजे दोन मोठे चमचे. स्कॅनमध्ये पांढऱ्या गुठळीत मध्येच काळसर भोवरा दिसला तर तेही धोक्याचं लक्षण: ते अजून न गोठलेलं रक्त असतं, म्हणजे धमनी अजून वाहते आहे. माणूस बेशुद्ध होण्याआधी कवटी उघडून रक्त काढलं आणि धमनी बंद केली तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात, कारण खालचा मेंदू धड असतो. म्हणूनच या आजारात वाया गेलेला तास मला फार सलतो.

ड्यूराच्या खाली गोष्ट निराळी. ड्यूराचा सगळ्यात आतला, अ‍ॅरॅक्नॉइडला टेकलेला पेशींचा थर फार ढिला असतो. त्याला टाके नाहीत, सांधे नाहीत. तो फाटायला धमनीचा जोर लागत नाही, शिरेतलं मंद रक्तही पुरतं. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघालेल्या बारीक शिरा हा थर ओलांडून ड्यूरातल्या मोठ्या शिरानाल्याला मिळतात. डोकं जोरात हिंदकळलं की मेंदू मागे राहतो, कवटी पुढे जाते, आणि मधल्या या शिरा ताणून तुटतात. मग रक्त मेंदूच्या त्या अर्ध्या भागावर पांघरल्यासारखं पसरतं. स्कॅनवर दिसते ती चंद्रकोर. हाडांच्या सांध्यांशी तिला देणंघेणं नाही, ती त्यांच्याखालून सरळ पुढे जाते. तिला अडवते ती फक्त ड्यूराचीच घडी, मेंदूच्या दोन अर्धांमध्ये उतरलेला पडदा. त्याला फाल्क्स म्हणतात. तो ओलांडून चंद्रकोर दुसऱ्या बाजूला जात नाही.

मोठ्या अपघातात हा रक्तस्राव ताबडतोब होतो तेव्हा रुग्ण सहसा पहिल्यापासूनच बेशुद्ध असतो. शिरा तुटण्याइतका हादरा बसला म्हणजे मेंदूही ठेचलेला असतो. अशा स्कॅनवर अनुभवी डोळा एक गोष्ट हमखास बघतो: कोर ८ मिलिमीटर जाड, पण मेंदूची मध्यरेषा सरकली आहे १२ मिलिमीटर. याचा अर्थ रक्ताहून जास्त जागा सुजलेल्या मेंदूने घेतली आहे. गुठळी काढली तरी ती सूज राहते, आणि म्हणून या रक्तस्रावात मृत्यूचं प्रमाण वरच्या रक्तस्रावापेक्षा बरंच जास्त असतं.

पण ड्यूराखालच्या रक्ताचं एक संथ रूपही आहे, आणि आपल्या घरांत तेच जास्त भेटतं. वय वाढतं तसा ड्यूरा हाडाला अधिकाधिक घट्ट चिकटतो, म्हणून साठीनंतर वरचा रक्तस्राव दुर्मीळ होतो. त्याच वयात मेंदू थोडा आकसतो, त्या बारीक शिरा आधीच ताणलेल्या राहतात, म्हणून खालचा रक्तस्राव वाढतो.

समजा, ७६ वर्षांचे आजोबा आहेत. हृदयासाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. न्हाणीघराच्या चौकटीला डोकं लागलं, टेंगूळ आलं, चार दिवसांत गेलं. कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. पाच-सहा आठवड्यांनी ते मंदावतात. दुपारभर झोपतात, नातवाचं नाव चुकतं, आणि चालताना डाव्या पायातली चप्पल मागे राहते. घरच्यांना वाटतं, वय झालं. कुणी म्हणतं, अर्धांगवायूचा झटका असेल. हा दुसरा अंदाज फार महागात पडू शकतो, कारण झटका समजून स्कॅन न करताच अ‍ॅस्पिरिन सुरू केली तर रक्तस्राव वाढतो.

स्कॅनवर काय दिसेल ते मधे किती दिवस गेले त्यावर ठरतं. ताजं गोठलेलं रक्त मेंदूपेक्षा पांढरं दिसतं. साधारण एक ते तीन आठवड्यांत ते फिकं होत मेंदूच्याच राखाडी रंगाचं होतं. तीन आठवड्यांनंतर ते काळसर दिसतं. मधला राखाडी काळ फसवा. तेव्हा कोर नजरेला वेगळी दिसतच नाही, तिचे परिणाम शोधावे लागतात: मेंदूच्या घड्या हाडापर्यंत पोचत नाहीत, मध्यरेषा सरकलेली असते. दोन्ही बाजूंना सारखंच रक्त असेल तर मध्यरेषाही जागच्या जागी राहते. अशा वेळी सत्तरीतल्या माणसाचा मेंदू विशीतल्यासारखा भरीव दिसला तर तीच शंकेची जागा.

आजोबांच्या उजव्या बाजूला १८ मिलिमीटर जाडीची काळसर कोर निघते. गोळी थांबवून तिचा परिणाम उतरवतात आणि त्या जागेला भूल देऊन कवटीला एक-दोन भोकं पाडतात. काळपट पातळ द्रव दाबाने बाहेर येतो. दोन दिवस आत नळी ठेवतात. ती ठेवण्याने फरक पडतो: २००९ साली केंब्रिजमधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नळी न ठेवलेल्यांपैकी २४ टक्के जणांवर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली, नळी ठेवलेल्यांपैकी ९ टक्क्यांवर. अनेक रुग्ण दुसऱ्याच दिवशी चालू लागतात.

रक्त पुन्हा साठण्याचं कारण फक्त ती तुटलेली शीर नसते. जुन्या रक्ताभोवती शरीर एक पडदा विणतं, त्यात कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या झिरपत राहतात. त्यांना रक्त पुरवते ती ड्यूराची मुख्य धमनी, मिडल मेनिंजियलच. म्हणून आता मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी नेऊन ही धमनी आतूनच बुजवतात. २०२४ साली अमेरिकेतल्या ४०० रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या जोडीला हे केल्यावर ९० दिवसांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण ११.३ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर आलं. तरी दाब तातडीने उतरवायचा असेल तिथे या उपायाचा एकट्याने उपयोग नाही, कारण पडदा सुकायला कित्येक आठवडे जातात. शिवाय काही माणसांत याच धमनीची फांदी डोळ्याला रक्त देते, म्हणून ती बुजवण्याआधी तिच्यात रंगद्रव्य सोडून फांद्या एकेक करून तपासाव्या लागतात.