आभा काढलं, पण कागद कुठे आहेत?

आमच्या हेब्बाळच्या घरी सौभाग्यवतींना १५ वर्षांपासून मधुमेह आहे. १४ अंकी आभा क्रमांक काढला, तेव्हा वाटलं, आता सगळे रिपोर्ट ॲपमध्ये आपोआप येतील. तसं होत नाही. आभा ही तिजोरी नाही, ओळख आहे. रिपोर्ट रुग्णालयाकडेच राहतात. त्यांनी ते तुमच्या क्रमांकाशी जोडले आणि तुम्ही संमती दिली, तरच ते दिसतात. म्हणून काउंटरवर नोंदणी करतानाच आभा क्रमांक द्या. हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि जुने रिपोर्ट मात्र फोटो काढून आपणच चढवायचे.

मी दोन वर्षांचे कागद चढवले. प्रत्येकाला तपासणीची तारीख दिली, चढवल्याची नाही. नाहीतर क्रम बिघडतो. मग तीन लॅबमधलं क्रिएटिनिन ओळीने दिसलं: ०.८, १.०, १.३. पहिले दोन आकडे मर्यादेतले, म्हणून कुणी काही बोललं नव्हतं. ओळ पाहून डॉक्टरांनी विचारलं, "गुडघ्यासाठी कोणती गोळी घेता?" ती वेदनाशामक गोळी कुठल्याच चिठ्ठीत नव्हती. त्यांनी ती बंद केली आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी सांगितली.

तेव्हा दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही ॲपमध्ये लिहा. त्या कुठलंही रुग्णालय जोडणार नाही.