विश्लेषण : सांडलेल्या दाण्यांवरच्या सगळ्याच ‘चिमण्या’ चिमण्या नसतात! फोटोतून कसे ओळखाल?

बाजार समितीच्या गेटबाहेर पोत्यातून बाजरी सांडते आणि पाच मिनिटांत तपकिरी पक्ष्यांचा थवा उतरतो. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतो आणि ‘चिमण्या परत आल्या’ अशा ओळीसह तो ग्रुपवर टाकतो. झूम करून पाहिले तर त्यात अनेकदा चिमण्यांसोबत सुगरणी, मुनिया आणि हिवाळ्यात क्वचित एखादा फिंचही असतो. चौघांची कुळे वेगळी, पण लांबून चौघे सारखेच दिसतात. या गर्दीतून नेमका पक्षी वेगळा कसा काढायचा?

चुकीच्या ओळखीने काय बिघडते?

चिमण्या कमी झाल्या की नाहीत, हा वाद जुना आहे. देशभरातील पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२० च्या अहवालात एकूण देशाचा विचार करता चिमण्यांची संख्या साधारण स्थिर, तर मोठ्या महानगरांत घटती आढळली. असा निष्कर्ष सामान्य लोकांनी इ-बर्डसारख्या मंचावर टाकलेल्या नोंदींतून निघतो. त्यामुळे चाळीस पक्ष्यांच्या थव्यातल्या पंधरा सुगरणी ‘चिमणी’ म्हणून मोजल्या गेल्या, तर चिमण्या आहेत त्यापेक्षा जास्त दिसतात आणि सुगरणींची नोंदच होत नाही.

नोव्हेंबरमधला फोटो सर्वात अवघड का?

पावसाळ्यात काम सोपे असते. विणीच्या काळात सुगरणीच्या नराचा माथा आणि छाती पिवळीधमक होते, चेहऱ्यावर गडद मुखवटा चढतो. पावसाळा संपला की हा पिवळा साज उतरतो आणि नर मादीसारखाच मातकट दिसू लागतो. मुनियांची त्या वर्षीची पिल्ले याच सुमारास थव्यात आलेली असतात आणि त्यांच्या अंगावर मोठ्या पक्ष्यांची नक्षी अजून उमटलेली नसते. उत्तरेकडून हिवाळ्यासाठी येणारा रोझफिंचही तोवर दाखल झालेला असतो. त्यातही गुलाबी-लाल असतो तो फक्त प्रौढ नर. मादी आणि पहिल्या हिवाळ्यातले नर तपकिरीच असतात.

चिमणीच्या नराचा, म्हणजे चिमण्याचा गळाही या दिवसांत फसवतो. त्याच्या गळ्यावरच्या नव्या काळ्या पिसांना फिकट टोके असतात. त्यामुळे काळा डाग झाकल्यासारखा आणि लहान दिसतो. पुढच्या काही महिन्यांत ही टोके झिजतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तोच डाग ठसठशीत काळा होतो.

थोडक्यात, रंग ऋतूप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलतो. प्रौढ पक्ष्याच्या चोचीचा आकार मात्र तसा बदलत नाही. म्हणून फोटो तपासताना आधी चोच, मग रेघा आणि शेवटी गळा, हा क्रम ठेवावा.

चोचीत काय पाहायचे?

पक्षी बाजूने दिसतो ती फ्रेम निवडा आणि दोन गोष्टी तपासा. चोच मुळाशी किती जाड आहे आणि चोचीची वरची कड कपाळाला कशी मिळते?

चिमणीची चोच शंकूसारखी, मध्यम जाड असते. डोके गोल असल्याने चोच संपते तिथे कपाळाचा उठाव स्पष्ट दिसतो. सुगरणीची चोच त्याहून दणकट आणि मुळाशी जाड असते. तिचे कपाळ चपटे असल्याने चोचीची वरची कड जवळपास सरळ कपाळात चढते आणि डोके पुढे निमुळते वाटते. शेपूटही चिमणीपेक्षा आखूड असते.

मुनियाची चोच आखूड त्रिकोणासारखी असते. शरीराच्या मानाने ती मोठी वाटते, कारण पक्षीच छोटा असतो. चिमणी साधारण १५ सेंटिमीटरची, तर मुनिया १० ते १२ सेंटिमीटरची. एकाच फोटोत दोघी शेजारी असतील तर हा फरक लगेच कळतो. रोझफिंच आकाराने चिमणीएवढा असतो, पण त्याची चोच ठेंगणी आणि वरच्या बाजूने फुगीर असते, जणू शंकूचे टोक घासून गोल केले आहे.

रेघा नेमक्या कुठे आहेत?

‘अंगावर रेघा आहेत’ एवढे पुरेसे नाही. चिमणी आणि सुगरण दोघींच्याही पाठीवर गडद रेघा असतात, त्यामुळे पाठीवरून निर्णय होत नाही. निर्णय छातीवर होतो.

चिमणीच्या मादीची छाती साधी, मळकट पांढरी असते. आपल्या नेहमीच्या सुगरणीची छाती फिकट पिवळसर-तपकिरी असते. तिच्यावर रेघा नसतात किंवा कडेला पुसट असतात. सुगरणीचीच एक भावकी पाणथळ जागी, गवत आणि लव्हाळ्यात राहते. तिच्या छातीवर मात्र ठळक गडद रेघा असतात. रोझफिंचच्या मादीच्या गळ्यापासून छातीपर्यंत रेघा उतरतात आणि पंखावर दोन फिकट पट्ट्या दिसतात.

ठिपकेदार मुनियाच्या अंगावर रेघा नसतातच. पांढुरक्या पोटावर माशाच्या खवल्यांसारखी तपकिरी नक्षी असते. ढगाळ उजेडातल्या फोटोत ही खवले रेघांसारखी भासू शकतात. रेघ चोचीकडून शेपटीच्या दिशेने धावते, तर खवल्याची कड अर्धगोल असते. झूम केल्यावर हा फरक दिसतो.

गळ्याचा रंग शेवटी का?

गळा निर्णायक ठरू शकतो, पण तो स्वच्छ दिसला तरच. प्रौढ ठिपकेदार मुनियाचा चेहरा आणि गळा गडद विटकरी-तपकिरी असतो. पांढऱ्या कंठाच्या मुनियाचा चेहरा-गळा फिकट, चोच चांदीसारखी राखाडी आणि शेपूट काळी, टोकदार असते.

गळ्याच्या रंगाची सर्वात प्रसिद्ध गोष्ट मुंबईचीच आहे. सुमारे १९०८ मध्ये शाळकरी वयाच्या सालिम अलींनी छर्‍याच्या बंदुकीने एक ‘चिमणी’ टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नाही, हे त्या डागावरून लक्षात आले. मामांच्या सांगण्यावरून ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोहोचले. तेथील सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि सोसायटीतील पक्ष्यांचा संग्रह दाखवला. सालिम अलींच्या आत्मचरित्राच्या नावात, ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’मध्ये, तीच चिमणी आहे. ही रानचिमणी आजही माळरानाच्या आणि झाडीच्या कडेला दिसते. चोच चिमणीपेक्षा बारीक आणि पाठ बिनरेघांची, ही तिची खूण. मादीच्या गळ्यावर पिवळा रंग नसल्यासारखाच असतो, म्हणून इथेही केवळ गळ्यावर भिस्त ठेवता येत नाही.

एक फोटो, चार पक्षी

समजा, नोव्हेंबरच्या सकाळी सांडलेल्या बाजरीवर काढलेल्या फोटोत चार तपकिरी पक्षी आहेत.

पहिल्याची चोच मध्यम, कपाळ गोल, डोळ्यामागे फिकट भुवई, पाठीवर रेघा आणि छाती साधी. ही चिमणीची मादी.

दुसरा पक्षी जवळपास तसाच, भुवईसुद्धा आहे. पण चोच जाड असून कपाळाच्या रेषेत चढते, शेपूट आखूड आहे आणि भुवईला पिवळसर झाक आहे. ही सुगरण. ती नर आहे की मादी, हे या महिन्यातल्या फोटोवरून सांगण्याचा आग्रह नको.

तिसरा सर्वात छोटा. अंगभर साधा तपकिरी, कुठेही रेघ नाही, चोच गडद आणि त्रिकोणी. हे मुनियाचे पिल्लू. कोणत्या मुनियाचे? ठिपकेदार आणि तिरंगी मुनियांची पिल्ले एकमेकांसारखीच दिसतात. शेजारी खवल्यांच्या पोटाचे प्रौढ पक्षी असतील तर ठिपकेदार मुनियाची शक्यता वाढते, तरीही नोंद ‘मुनिया’ एवढीच ठेवणे योग्य.

चौथ्याच्या गळ्यावर आणि छातीवर रेघा आहेत. घाईत पाहणारा त्याला रेघांच्या छातीची सुगरण म्हणेल. पण चोच ठेंगणी आणि फुगीर आहे, चेहऱ्यावर भुवई नाही, कोऱ्या चेहऱ्यात काळा मण्यासारखा डोळा उठून दिसतो आणि शेपटीच्या टोकाला खाच आहे. ही रोझफिंचची मादी किंवा तरुण नर. शहरातल्या दाण्यांवर हा पाहुणा क्वचितच येतो. झाडीला लागून असलेल्या शेतात त्याची शक्यता जास्त.

कॅमेरा कुठे फसवतो?

दुपारी ऊन डोक्यावर असताना चोचीची सावली गळ्यावर पडते आणि चिमणीची मादी काळ्या गळ्याचा चिमणा वाटते. खरा डाग गळ्यावरून छातीकडे उतरतो आणि पक्ष्याने मान वळवली तरी जागचा हलत नाही. सावली पुढच्या फ्रेममध्ये सरकलेली असते. उलट कडक उन्हात उजेड जास्त आला तर तपकिरी गळा पांढरा दिसतो आणि ठिपकेदार मुनिया पांढऱ्या कंठाची ठरते. अशा वेळी शेजारचे बाजरीचे दाणे पाहा. तेही पांढरेफटक दिसत असतील तर गळ्याच्या रंगावर विश्वास नको.

अनेक मोबाइल कमी उजेडात फोटो आपोआप गुळगुळीत करतात. त्यात पुसट रेघा आधी जातात. पाठीवरच्या रेघाही दिसत नसतील, तर ‘छाती साधी आहे’ हा निष्कर्ष काढू नये. दाणा फोडताना उघडलेली चोचही जास्त जाड दिसते, त्यामुळे मिटलेल्या चोचीची फ्रेम शोधावी.

म्हणून थवा दिसल्यावर एकच फोटो काढण्याऐवजी सलग आठ-दहा काढावेत. शक्यतो सकाळी, सूर्य पाठीशी ठेवून आणि खाली बसून, म्हणजे चोच बाजूने मिळते. जे पक्षी चोच, रेघा आणि गळा अशा तिन्ही कसोट्यांवर उतरतात, त्यांचीच नावानिशी मोजणी करावी. उरलेल्यांची नोंद फक्त गटापुरती करण्याची सोय असते. चाळीसपैकी बावीस चिमण्या, दहा सुगरणी आणि आठ अनोळखी, ही नोंद ‘चाळीस चिमण्या’ या नोंदीपेक्षा कितीतरी उपयोगाची ठरते.