गोळी पाच मिलिग्रॅमची, मोजमाप वर्गात

तापाचं औषध मुलाच्या वजनावर ठरतं. एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट मात्र किलोंचा हिशेब फारसा मानत नाही. सारख्या वजनाच्या दोन मुलांपैकी एकाला दिवसाला 10 मिलिग्रॅम पुरतात, तर दुसऱ्याला 30 लागतात. कोणाला किती लागेल, हे आधी सांगणारी रक्ततपासणीही नाही. म्हणून अगदी कमी डोसपासून सुरुवात करायची आणि पायरी-पायरीने वर जायचं, हीच रीत.

तिसरीतल्या, आठ वर्षांच्या एका काल्पनिक मुलाचं उदाहरण घेऊ. शाळा आठ ते दोन. आधी डॉक्टर उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब नोंदवतात. त्याला कधी चक्कर आली होती का, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार होता का, हेही विचारतात. वर्गशिक्षिका अठरा प्रश्नांचा तक्ता भरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, म्हणजे जास्तीत जास्त 54. जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. या मुलाचे 41 येतात.

पहिल्या आठवड्यात सकाळी नाश्त्यानंतर 5 आणि दुपारी 5 मिलिग्रॅम. साध्या गोळीचा असर अर्ध्या तासात सुरू होतो आणि चारेक तासांत ओसरतो, म्हणून दोन वेळा. गुण 37, फरक नावापुरता. दुसऱ्या आठवड्यात सकाळचा डोस 10 होतो, तसे पहिले तास सुधारतात. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही वेळा 10. आता गुण 20 आणि फळ्यावरचं वहीत पूर्ण उतरवलेलं.

इथेच थांबावं की आणखी वाढवून पाहावं? चौथ्या आठवड्यात सकाळी 15 देऊन पाहिले. गुण 19 झाले, पण मधल्या सुट्टीत मुलगा एका जागी गप्प बसू लागला आणि डबा जसाच्या तसा घरी परत येऊ लागला. नुसता तक्ता पाहिला असता तर हाच डोस सर्वांत चांगला ठरला असता! एका गुणासाठी मुलाचं हसणं-खेळणं गमावणं हा घाट्याचा सौदा. डॉक्टरांनी पुन्हा 10-10 केले.

दुपारी चारनंतरची चिडचिड ही वेगळी गोष्ट. डोस जास्त झाला, तर मूल गोळीनंतर एक-दोन तासांनी, औषधाचा जोर असताना मलूल दिसतं. औषध उतरताना होणारी चिडचिड मात्र संध्याकाळी येते, आणि तिच्यावर उपाय म्हणून सकाळचा डोस कमी करणं चुकीचं ठरतं. त्यामुळे आईने वहीत ‘आज चिडला’ एवढंच न लिहिता किती वाजता चिडला तेही लिहावं.

अमेरिकेतल्या ‘एमटीए’ या मोठ्या अभ्यासाने, ज्याचे निष्कर्ष 1999 मध्ये आले, औषधाच्या गटातल्या मुलांचा डोस असाच शोधला: 28 दिवस वेगवेगळे डोस आणि मधूनच औषध नसलेली गोळी. त्या दिवशी कोणती गोळी होती, हे पालक किंवा शिक्षकांना ठाऊक नसे.

डोस ठरल्यावरही तपासणी सुटत नाही. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी, उंची दर सहा महिन्यांनी मोजतात. नाडी-रक्तदाब डोस बदलताना आणि एरवी सहा महिन्यांनी पाहतात. वर्षातून एकदा औषधाची गरज अजून आहे का, याचा डॉक्टर नव्याने विचार करतात.