मीनूचा काऊ हलू लागला

गेल्या पावसाळ्यात आमची नात मीनू, वय वर्षे साडेपाच, ताप येऊन घरीच होती. गोधडीत बसून पाठकोऱ्या कागदांवर चिऊ-काऊची चित्रे काढता काढता ती गोष्टही सांगत होती. मी पंखा बंद केला आणि मोबाइल तिच्यापासून वीतभर अंतरावर, तोंडासमोर नव्हे तर जरा बाजूला ठेवला. समोर ठेवला की 'प', 'भ' म्हणताना श्वासाचा फटका बसून आवाज फुटतो. मीनूला तेव्हा 'र' म्हणता येत नसे. काऊचे 'घल' पावसात वाहून गेले आणि तो चिऊच्या 'दालात' उभा राहिला!

ही चित्रे आणि हा आवाज जोडून छोटीशी फिल्म करायची असे मनाने घेतले. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, ती बरी झाली की पुन्हा नीट म्हणवून घ्या." तेही करून पाहिले. कपड्यांचे कपाट उघडून त्यापुढे मीनूला बसवले, म्हणजे खोली घुमत नाही. आवाज स्वच्छ आला खरा, पण गोष्ट गेली. शाळेत कविता म्हणावी तशी ती घडाघडा म्हणून मोकळी झाली. अखेर तापातलाच आवाज घ्यायचे ठरले.

वाचकांना वाटेल, आधी चित्रे हलवावीत आणि मग त्यांवर आवाज बसवावा. करायचे ते नेमके उलटे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या रोपट्याची वाढ एकेक चित्र घेऊन दाखवली होती. युक्ती तीच, पण त्या रोपट्याला बोलायचे नव्हते. आमच्या काऊला बोलायचे होते. मीनूची गोष्ट 1 मिनिट 40 सेकंदांची. सेकंदाला 12 फोटो धरले तर 1200 चित्रे. म्हणून मी आधी वही घेऊन कान देऊन बसलो आणि कोणते वाक्य किती सेकंदांचे, ते लिहून काढले. काऊ चिऊच्या घरी निघतो ते वाक्य 4 सेकंदांचे, म्हणजे 48 फोटो. टेबलावर त्याला 24 सेंटिमीटर चालायचे होते. भागाकार केला; दर फोटोला 5 मिलिमीटर सरकवायचा. हा हिशेब न करता सरकवलेला काऊ वाक्य संपण्याआधीच दाराला धडकतो.

मूळ चित्रांना कात्री लावली नाही. रंगीत प्रती जाड कागदावर चिकटवून त्या कापल्या. डावीकडे पाहणाऱ्या काऊची उलटी प्रतही काढली, नाहीतर परतताना बिचारा पाठमोराच सरकेल. पंख आणि उघडे दार मीनूकडूनच काढून घेतले. मी काढलेले दार फार सरळ आले होते. तिच्या वाकड्या घराला ते शोभेना. चोची दोनच, एक मिटलेली आणि एक उघडी. 'म', 'ब', 'प' आले की मिटलेली ठेवायची. एवढे सांभाळले की बाकीचे पाहणारा चालवून घेतो.

दोन बाजूंना शब्दकोशांची चळत, वर फळी आणि फळीवरून खाली पाहणारा मोबाइल, हा आमचा स्टुडिओ! पहिल्या दिवशी खिडकीच्या उजेडात काम केले. पाहतो तो चित्र बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखे लुकलुकते आहे. ढग येत-जात होते आणि मोबाइल प्रत्येक फोटोला उजेड आपल्या मनाने बदलत होता. दुसऱ्या दिवशी खिडक्या लावल्या, दोन बाजूंना दोन दिवे ठेवले आणि मोबाइलमधला उजेड व फोकस एकदाच पक्का केला. लुकलुक थांबली.

खरी चूक पुढेच झाली. काऊ दार ठोठावतो आणि चिऊ त्याला थांबवते, तिथे मीनू चक्क अडीच सेकंद गप्प बसली होती. ती गप्प जागा मी रिकामी समजून कापून टाकली. संध्याकाळी घरच्यांना तो भाग दाखवला, तर कोणी हसले नाही. चिऊने लगेच उत्तर दिल्यावर काऊ भिजणार कधी? ती जागा पुन्हा जोडली. तिच्यासाठी 30 फोटो लागले, पण काऊ हलवायचा नव्हता; एकच फोटो 30 वेळा. फक्त मध्ये त्याच्या डोक्यावर पावसाचा एक थेंब ठेवला. या वेळी सूनबाईही हसल्या. अशा स्तब्ध जागा बऱ्याच निघाल्या, म्हणून 1200 ऐवजी सुमारे 450 फोटोंत काम भागले.

शेवटाबद्दल मात्र माझे काही चालले नाही. आमच्या लहानपणी काऊ तव्यावर भाजत असे. मीनूने त्याला गोधडीत गुंडाळलेला काढला.

दसऱ्याला फिल्म पुरी झाली. एवढ्या तीन महिन्यांत मीनूचा 'र' स्वच्छ झाला होता. ती डोळे विस्फारून पाहत राहिली आणि माझी बाही ओढून म्हणाली, "आजोबा, ही मुलगी 'घर'ला 'घल' का म्हणते?"