आयकर अधिकाऱ्याला लिहायचं एक पान

रिटर्न भरून काही आठवडे किंवा महिने झाले की बंगळुरूच्या केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राकडून, म्हणजे सीपीसीकडून, ईमेल येतो. सोबत पीडीएफ असते. ती उघडायला पॅन लहान लिपीत आणि त्याला जोडून जन्मतारीख टाकावी लागते. ही कलम १४३(१) खालची इंटिमेशन. आत दोन रकाने असतात. एकात तुम्ही रिटर्नमध्ये काय लिहिलं ते आणि दुसऱ्यात खात्याच्या हिशेबाने काय निघालं ते. बहुतेक लोक थेट शेवटच्या ओळीवर उडी मारतात, तिथे ‘डिमांड’ दिसली की घाबरतात आणि सीएला फोन करतात. खरं तर बोट वरून खाली फिरवत न्यायचं आणि दोन्ही रकान्यांतले आकडे पहिल्यांदा जिथे वेगळे होतात तिथे थांबायचं. पुढची सगळी पत्रापत्री त्याच ओळीबद्दल असते.

समजा, सातारा जिल्ह्यातले एक सेवानिवृत्त शिक्षक आहेत, वय ६७. आर्थिक वर्ष २०२३-२४, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२४-२५. त्यांनी जुनी करपद्धत निवडली आहे. पेन्शन ६,२४,००० रुपये. त्यातून ५०,००० ची प्रमाणित वजावट गेली की उरतात ५,७४,०००. मुदत ठेवींचं व्याज ३,३६,००० मिळवलं की एकूण ९,१०,०००. त्यातून ८०सी खाली दीड लाख आणि ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर मिळणारे ५०,००० वजा केले की करपात्र उत्पन्न उरतं ७,१०,०००. त्यावर उपकर धरून कर होतो ५४,०८०. पेन्शनमधून २०,८०० आणि ठेवींच्या व्याजातून ३३,६०० असा ५४,४०० रुपयांचा टीडीएस आधीच कापला गेलेला. म्हणजे सरकारनेच गुरुजींना ३२० रुपये परत द्यायचे.

इंटिमेशन आली २० डिसेंबर २०२४ ला आणि तिच्यात ३३,२८० रुपयांची डिमांड निघाली. उत्पन्न, वजावटी, कर हे सगळं दोन्ही रकान्यांत तंतोतंत जुळत होतं. फरक फक्त टीडीएसच्या ओळीत होता. गुरुजींच्या रकान्यात ५४,४०० आणि खात्याच्या रकान्यात २०,८००. ठेवींवरचे ३३,६०० खात्याने धरलेच नव्हते.

कारण अगदी किरकोळ निघालं. पेन्शन एका शाखेत, ठेवी त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत. प्रत्येक शाखेचा टॅन, म्हणजे करकपात करणाऱ्याचा दहा अक्षरी क्रमांक, वेगळा. रिटर्नमध्ये ठेवींच्या टीडीएससमोर पेन्शनवाल्या शाखेचा टॅन पडला. संगणकाने त्या टॅनखाली ३३,६०० शोधले, त्याला सापडले नाहीत, म्हणून त्याने शून्य धरलं. माणसाने पाहिलं असतं तर फॉर्म २६एएसमध्ये दोनच ओळी खाली, दुसऱ्या टॅनसमोर, तेच ३३,६०० रुपये त्याच पॅनवर जमा झालेले दिसले असते.

अशा वेळी उपयोगी पडतं आयकर कायदा १९६१ चं कलम १५४. अभिलेखावरून उघड दिसणारी चूक दुरुस्त करण्याचा अधिकार ते देतं. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असला तरी आधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्या कायद्यानेच चालतात.) सगळा जोर ‘उघड दिसणारी’ या दोन शब्दांवर आहे. त्यांचा अर्थ पक्का झाला तो मुंबईतल्याच एका प्रकरणात. फोल्कार्ट ब्रदर्स या भागीदारी संस्थेवर आयकर अधिकाऱ्याने आधी एका दराने कर लावला. नंतर ‘आमची चूक झाली’ म्हणत दुरुस्तीच्या नावाखाली जास्त दर लावला. संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि जिंकली. सर्वोच्च न्यायालयानेही १९७१ मध्ये तोच निकाल कायम ठेवला. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा, की ज्या मुद्द्यावर दोन मतं संभवतात आणि जो सिद्ध करायला लांबलचक युक्तिवाद लागतो, ती उघड चूक नव्हे. ही कसोटी लागली होती खात्याला, पण पुढे तीच करदात्यांनाही लागू झाली. आज अर्ज फेटाळताना अधिकारी तिचाच आधार घेतात.

तेव्हा पत्र लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं, की अधिकाऱ्यासमोर दोन कागद शेजारी ठेवले तर चूक नुसत्या नजरेला दिसेल का? गुरुजींच्या प्रकरणात दिसते. इंटिमेशन आणि २६एएस पुरे. पण ठेव बायकोच्या पैशांची, नाव पहिलं नवऱ्याचं, टीडीएस नवऱ्याच्या पॅनवर आणि व्याज बायकोने दाखवलेलं, असं असेल तर पैसा कोणाचा इथपासून वाद सुरू होतो. त्या दुरुस्तीची वाट आधी बँकेतून जाते. किंवा त्याच वर्षीचा गाजलेला प्रश्न घ्या. नव्या करपद्धतीत शेअरच्या अल्पकालीन नफ्यावरच्या करातून कलम ८७ए ची सूट मिळते की नाही? जुलै २०२४ मध्ये पोर्टलने ती नाकारायला सुरुवात केली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने दावा करण्याची वाट मोकळी ठेवली, पण दावा बरोबर की चूक हे ठरवणं खात्यावरच सोडलं. जिथे न्यायालयातही दोन्ही बाजूंनी बोलायला भरपूर होतं, तिथे उघड चूक म्हणून पत्र लिहिण्यात अर्थ नाही. आणि एखादी वजावट रिटर्नमध्ये लिहायलाच विसरलात, तर ती खात्याची चूकच नव्हे. त्यासाठी सुधारित रिटर्न असतं आणि त्या वर्षी त्याची वाढवलेली मुदत १५ जानेवारी २०२५ ला संपली.

रिटर्नची प्रक्रिया सीपीसीने केली असेल तर पहिला प्रयत्न ऑनलाइनच करायचा. पोर्टलवर रेक्टिफिकेशनमध्ये करजमेतली विसंगती दुरुस्त करण्याचा पर्याय असतो. टॅन बरोबर टाकला की बऱ्याचदा काम तिथेच होतं. कागद जोडायची सोय मात्र तिथे नसते. कधी कधी पोर्टल सांगतं, की या रिटर्नचे अधिकार तुमच्या भागातल्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडे गेले आहेत. गुरुजींना तोच संदेश दिसला. मग पोर्टलवरच्या `Know Your AO` मध्ये पॅन टाकून आपला अधिकारी कोण ते पाहायचं आणि अर्ज त्याच्याकडे करायचा. तो पोर्टलवरून करता येतो किंवा आयकर सेवा केंद्राच्या खिडकीवर देता येतो. खिडकीवर दिला तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. ती का घ्यायची ते पुढे येतंच.

आता खुद्द पत्र. व्यवहारात ते इंग्रजीत जातं, पण त्यातला मजकूर एवढाच असतो:

“विषय: कर निर्धारण वर्ष २०२४-२५, पॅन …, दिनांक २० डिसेंबर २०२४ च्या इंटिमेशनमधील (संदर्भ क्रमांक …) चुकीची कलम १५४ खाली दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय, वरील इंटिमेशनमध्ये माझं एकूण उत्पन्न व कर मी दाखवल्याप्रमाणेच मान्य झाला आहे. टीडीएस मात्र ५४,४०० ऐवजी २०,८०० रुपये धरला आहे. फरक ३३,६०० रुपयांचा आहे. मुदत ठेवींच्या व्याजावरील ही रक्कम रिटर्नमध्ये टॅन … समोर लिहिली गेली. ती वास्तविक टॅन … खाली कापली गेली असून फॉर्म २६एएसमध्ये माझ्या पॅनवर जमा दिसते. संबंधित व्याज ३,३६,००० रुपये मी उत्पन्नात दाखवलं आहे. कृपया ३३,६०० रुपयांची करजमा देऊन डिमांड रद्द करावी व ३२० रुपये परत करावेत. उत्पन्नाच्या हिशेबात कोणताही बदल मागितलेला नाही.

सोबत: इंटिमेशन, फॉर्म २६एएस, बँकेचं फॉर्म १६ए, रिटर्नची पोच.”

यातली दोन वाक्यं सहज सुटतात. पहिलं, व्याज उत्पन्नात दाखवल्याचं. उत्पन्न करपात्र धरल्याशिवाय त्यावरच्या टीडीएसची जमा मिळत नाही आणि अधिकारी आधी तेच तपासतो. दुसरं, बाकी कशात बदल नको असल्याचं. दुरुस्तीचा अधिकार दोन्ही बाजूंना चालतो. फाईल उघडल्यावर अधिकाऱ्याला तुमच्या विरुद्ध जाणारी उघड चूक सापडली तर तो तीही दुरुस्त करू शकतो. मात्र त्याने कर वाढणार किंवा परतावा घटणार असेल तर आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकून घेणं त्याला बंधनकारक आहे. ज्येष्ठ नागरिकांना किती त्रास होतो, आम्ही आयुष्यभर प्रामाणिकपणे कर भरला, हे मजकुरात नको. त्याने पत्र चुकीचं ठरत नाही, पण अधिकाऱ्याला जी एक ओळ शोधायची असते ती त्यात बुडून जाते. दोन वेगळ्या वर्षांच्या चुका एकाच पत्रात घातल्या तरी तेच होतं. प्रत्येक वर्षाचा आदेश वेगळा, म्हणून अर्जही वेगळा.

मुदत भरपूर आहे आणि तिथेच लोक गाफील राहतात. ज्या आर्थिक वर्षात आदेश झाला ते संपल्यापासून चार वर्षं, म्हणजे गुरुजींसाठी ३१ मार्च २०२९ पर्यंत. पण इंटिमेशनविरुद्ध अपील करायचं तर मुदत अवघी तीस दिवसांची आणि दुरुस्तीचा अर्ज दिला म्हणून तो काळ थांबत नाही. चूक उघड आहे की वादाची याबद्दल शंका असेल तर अपीलही करून ठेवलेलं बरं. डिमांड भरायची मुदतही तीस दिवसच. ती उलटली की महिन्याला एक टक्का व्याज चढतं. डिमांड दुरुस्तीत रद्द झाली तर व्याजही जातं. तोवर पोर्टलवर डिमांड मान्य नसल्याचं उत्तर कारणासह नोंदवायचं. नाही तर पुढच्या वर्षीचा परतावा येताना त्यातून हे ३३,२८० कापून घेण्याची सूचना येते आणि तिलाही उत्तर दिलं नाही की पैसे वळते होतात.

अर्ज मिळाला त्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत अधिकाऱ्याने निर्णय द्यायचा असतो. गुरुजींनी १० जानेवारी २०२५ ला पत्र दिलं, तर हिशेब ३१ जानेवारीपासून, म्हणजे ३१ जुलैपर्यंत. पोचेवरची तारीख इथे कामी येते. मुदत संपत आली की तिच्या प्रतीसह एक स्मरणपत्र द्यायचं. अर्ज नाकारला तर त्या आदेशावर अपील करता येतं, म्हणून नकार लेखी मागायचा. खिडकीवरचं ‘होणार नाही’ हा आदेश नव्हे.

मान्य झाला तर नवा आदेश येतो. त्यातही पुन्हा बोट टीडीएसच्या त्याच ओळीवर ठेवून ५४,४०० दिसतात का ते पाहायचं. ३२० रुपये खात्यात येतील, पण त्यांवर व्याज मिळणार नाही, कारण परतावा कराच्या दहा टक्क्यांहून कमी असला की कायदा व्याज देत नाही.