उत्तराची घाई नाही

नोकरी बदलली, बदली झाली की रोज डबा वाटून खाणारी माणसंही फोनच्या यादीत नुसती नावं होऊन राहतात. सात-आठ वर्षांनी आठवण येते, पण ‘आता काय म्हणून मेसेज करायचा?’ म्हणून हात थांबतो. लारा अॅकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांनी 2024 साली नेमका हा संकोच तपासला. जुन्या मित्राला लिहायची इच्छा होती, नंबर होता, मजकूर लिहायला वेळही दिला होता. तरी एक तृतीयांशाहून कमी लोकांनीच तो पाठवला. मग एका प्रयोगात काहींना आधी तीन मिनिटं नेहमीच्या मित्रांना मेसेज करायला लावले. त्यांच्यापैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांनी जुन्या मित्रालाही लिहिलं. म्हणजे हात जरा सैल झाला की संकोच कमी होतो.

पण लिहायचं काय? समजा, दोघं पूर्वी एकाच बँकेच्या शाखेत होते. नंबर बदललेला असू शकतो, म्हणून पहिल्या ओळीत नाव आणि शाखा. ‘ओळखलंत का?’ हे कोडं नको, समोरचा उगाच ओशाळतो. पुढे असं लिहिता येईल: ‘मॅडम, काल मार्चअखेरचा हिशेब 450 रुपयांनी जुळेना. फरकाला नऊने भाग जातो का बघ, जात असेल तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झालेली असते, हे तुम्हीच शिकवलंत. 1,270 च्या जागी 1,720 पडले होते. लगेच सापडलं. तुमची आठवण झाली, म्हणून कळवलं. उत्तराची घाई नाही.’

या मजकुरात आज लिहायचं कारण आहे आणि फक्त त्या दोघांनाच ठाऊक असलेली एक गोष्ट आहे. मागणी कसलीच नाही. एवढ्या वर्षांच्या अबोल्याची लांबलचक माफीही नाही. ती वाचली की ‘अहो, असू द्या’ म्हणत समजूत काढायचं काम समोरच्यावर येतं. ‘सध्या कुठे, मुलं काय करतात’ ही सरबत्तीही पहिल्याच दिवशी नको.

सगळ्यात जास्त बिघडतं ते पोटात काम ठेवून केलेल्या चौकशीने. दोन गोड वाक्यं आणि तिसऱ्यात विमा पॉलिसी किंवा नोकरीसाठी शब्द टाकायची विनंती, हे माणूस विसरत नाही. काम असेल तर ते पहिल्याच मेसेजमध्ये सरळ सांगावं. त्यात कमीपणा नाही.

निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, तर मागोमाग प्रश्नचिन्ह पाठवू नका. घरात आजारपण असेल, कदाचित बोलायची इच्छाच नसेल. तो त्यांचा हक्क आहे. उत्तर आलं, तर ते जेवढं लांब तेवढंच आपण लिहावं आणि भेटीचा विषय त्यांच्याकडून निघू द्यावा.